स्टॉलपर्यंत नेणाऱ्या चार ओळी

दिल्लीच्या प्रगती मैदानावर, म्हणजे आताच्या भारत मंडपमच्या आवारात, दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. महाराष्ट्राच्या दालनात सावंतवाडीच्या एखाद्या कारागिराला लाकडी खेळण्यांचा स्टॉल मिळाला, की फोटोखाली मजकूर टाकला जातो: ‘आमचा स्टॉल लागला आहे, अवश्य भेट द्या.’ एवढ्यावर माणूस घरून निघतो, पण स्टॉलपर्यंत पोहोचत नाही.

पहिली अडचण तारखेची. गेली काही वर्षे सुरुवातीचे पाच दिवस, १४ ते १८, व्यापाऱ्यांसाठी असतात आणि तिकीट महाग असतं. सर्वसामान्यांचे दिवस १९ ते २७. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी मजकूर असेल तर १९ हीच तारीख ठळक हवी. ‘उद्यापासून’ तर लिहूच नये. व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर चार दिवसांनीही फिरत असतो.

ठिकाण सांगताना येणाऱ्याच्या पावलांनी चालावं. मेट्रोची ब्लू लाइन, सुप्रीम कोर्ट स्थानक (जुन्या लोकांना ते प्रगती मैदान म्हणूनच आठवतं), मग गेट, हॉल, महाराष्ट्र दालन आणि सगळ्यात शेवटी स्टॉल क्रमांक. अलीकडे तिकीट गेटवर मिळत नाही. ते ऑनलाइन किंवा ठरावीक मेट्रो स्थानकांवर घ्यावं लागतं. ही गोष्ट राहिली तर माणूस गेटवरूनच परत फिरतो. दालनात शेजारीशेजारी सारखेच स्टॉल असतात, तिथे क्रमांकापेक्षा नजरेला पडणारी खूण उपयोगी: ‘वर टांगलेला लाकडी केळ्यांचा घड’. स्टॉल क्रमांक बऱ्याचदा आयत्या वेळी हाती येतो, म्हणून आधी तारखेची पोस्ट टाकावी आणि जागा कळली की दुसरी.

सवलतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हस्तकलेला ‘२० टक्के सूट’ शोभत नाही. मूळ किंमत ठाऊक नसलेल्याला ती सूट कळत नाही, आणि कारागिराची मजुरी मात्र त्यातच जाते. त्यापेक्षा हाताचं काम द्यावं, भोवऱ्यावर मुलाचं नाव रंगवून देण्यासारखं. पण रविवारच्या गर्दीत एकटा माणूस विकणार की रंगवणार? शिवाय रंग वाळायला वेळ लागतो. म्हणून वेळ आणि अट मजकुरातच यावी.

समजा हॉल ४ आणि स्टॉल १२ मिळाला, तर दिल्लीतल्या मराठी मंडळींसाठी मजकूर असा होईल:

‘सावंतवाडीची लाकडी फळं आणि भोवरे, १९ ते २७ नोव्हेंबर, भारत मंडपम, दिल्ली.
मेट्रो: सुप्रीम कोर्ट. गेट १०, हॉल ४, महाराष्ट्र दालन, स्टॉल १२. वर केळ्यांचा घड दिसेल.
तिकीट आधी काढा, गेटवर मिळत नाही.
सोमवार ते शुक्रवार दुपारी १ पर्यंत भोवरा घेतल्यास नाव विनामूल्य रंगवून देऊ. वाळायला तासभर लागेल, तोवर मेळा बघून या.’

पहिल्या ओळीत वस्तू, तारीख आणि शहर येतंच, कारण मोबाइलवर पुढचा मजकूर ‘अधिक वाचा’खाली दडतो. गेट दरवर्षी बदलू शकतं, तेव्हा टाकण्यापूर्वी आयोजकांचा ताजा नकाशा पाहावा. दिल्लीकरांसाठी हाच मजकूर हिंदीत वेगळा टाकावा.