फेरतपासणीची फी
नव्या दवाखान्यात वाद होतो तो बहुधा दुसऱ्या भेटीवरून. 'सात दिवसांत फी नाही' म्हणजे कोणत्याही दुखण्याला नाही, असं अनेकांना वाटतं. फेरतपासणी (फॉलो-अप) म्हणजे त्याच आजाराची पुढची पाहणी. शिंपी शिवलेल्या कपड्याचं फिटिंग पैसे न घेता करून देतो, नव्या कपड्याची शिलाई मात्र घेतो. समजा, फी 300 रुपये आहे. तापाचा रुग्ण चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला, तर फी नाही. गुडघा दुखतो म्हणून आला, तर पुन्हा 300. फीची पाटी लावणं 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत सांगितलेलंच आहे. सात दिवसांची ही मुदतही त्याच पाटीवर लिहावी. ज्याला परवडत नाही त्याची सवलत डॉक्टरांनी आतच ठरवून केसपेपरवर नोंदवावी, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर चारचौघांत त्याला आपली अडचण सांगावी लागत नाही.