पाच वर्षांची पावती

आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी परवा एक पावती आणून दाखवली. 27 मार्च 2023 ची, दीड लाख रुपयांची करबचत मुदत ठेव, व्याज साडेसहा टक्के. मुलीच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते, म्हणून ते ठेव मोडायला बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी पावती उलटी करून मागच्या ओळीवर बोट ठेवलं. मुदतीआधी मोडता येणार नाही, तारण ठेवून कर्जही मिळणार नाही. "दंड लावा, व्याज कमी द्या, पण पैसे द्या," असं म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही.

उपयोग होणारही नव्हता. नेहमीची एफडी मोडली की एखादा टक्का व्याज कमी होतं आणि विषय संपतो. करबचत ठेवीचा नियम मात्र बँकेचा नाही, सरकारचा आहे. 2006 साली केंद्राने ही योजना अधिसूचित केली आणि तिच्यात पाच वर्षांची मुदत पक्की बांधली. मॅनेजर कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या हातात काही नसतं. अपवाद एकच, ठेवीदाराचा मृत्यू. तसं झालं तर वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला आधी पैसे काढता येतात.

मला मात्र त्या मागच्या ओळीपेक्षा मुद्दा वेगळाच दिसला. मी त्यांना विचारलं, "ही ठेव केली तेव्हा तुमच्या 80सी मध्ये जागा किती उरली होती?" ते म्हणाले, "दीड लाखाची मर्यादा ना? म्हणून तर दीड लाख ठेवले."

इथेच बहुतेकांची गल्लत होते. दीड लाख ही एकट्या ठेवीची मर्यादा नव्हे. पीएफ, आयुर्विमा, मुलांची शाळेची फी, गृहकर्जाचं मुद्दल, पीपीएफ, सगळे त्याच एका थैलीत. त्यांची 2023 च्या मार्चची पगाराची स्लिप काढली. मूळ पगार 60,000, म्हणजे पीएफचे महिन्याला 7,200 आणि वर्षाचे 86,400. विम्याचा हप्ता 24,000. दोन मुलांची ट्यूशन फी 30,000. बेरीज 1,40,400. थैलीत जागा उरली होती फक्त 9,600 रुपयांची!

त्यांच्या उत्पन्नाचा वरचा भाग तेव्हा 20 टक्क्यांत बसत होता. उपकर धरून 20.8 टक्के. म्हणजे दीड लाख अडकवून वाचलेला कर दोन हजारांना तीन रुपये कमी. ठेव दहा हजारांची केली असती तरी तेवढाच वाचला असता. उरलेले एक लाख चाळीस हजार नेहमीच्या एफडीत ठेवले असते, तर प्रवेशाच्या वेळी मोडता आले असते.

पैसे ठेवताना बँक हे विचारत नाही. तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात, तेही विचारत नाही. आणि आता तोच प्रश्न सगळ्यात मोठा झाला आहे. 80सी ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. शेजारी 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत गेले, कारण तिथे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. निर्णय योग्यच होता. पण प्रणाली बदलली म्हणून ठेव सुटत नाही, तिची पाच वर्षं चालूच राहतात.

आता व्याज. "कर वाचवणारी ठेव, मग व्याजावर कर कसा?" हा प्रश्न मला दरवर्षी कोणी तरी विचारतंच. कर वाचतो तो ठेवलेल्या रकमेवर, तोही एकदाच, ज्या वर्षी ठेवली त्या वर्षी. त्यानंतर ही ठेव करापुरती साधी एफडी असते. व्याज 'इतर उत्पन्ना'त धरतात आणि तुमच्या टप्प्याच्या दराने त्यावर कर लागतो.

या ठेवीत व्याज तिमाही चक्रवाढीने साठत गेलं, तर पहिल्या वर्षी ते सुमारे 9,990 होतं आणि पाचव्या वर्षी 12,930. शेवटी हातात 2,07,000 च्या आसपास येतात. हे 57,000 व्याज पाचव्या वर्षी एकदम दाखवायचं, असं अनेकांच्या मनात असतं. पण बँक दर वर्षी जमा झालेल्या व्याजाची माहिती आयकर खात्याला कळवत असते आणि ती तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये उमटते. तेव्हा व्याज हातात आलेलं नसलं तरी त्या त्या वर्षीच दाखवलेलं बरं. नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते.

शेजाऱ्यांनी पहिल्या दोन वर्षांचं व्याज दाखवलंच नव्हतं. कारण काय, तर "टीडीएस कापला नाही." आता एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं तरच टीडीएस कापतात, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा एक लाख आहे. त्याखाली कापत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कर माफ झाला असा नव्हे.

30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह 31.2 टक्के कर गेल्यावर या साडेसहा टक्क्यांतले साडेचार टक्के जेमतेम उरतात. म्हणून ही ठेव घेणारा माणूस नेमका कोण, ते सांगतो. जुनी प्रणाली त्याला खरोखर फायद्याची असते, म्हणजे उत्पन्न बरंच असून घरभाडे भत्ता आणि गृहकर्जाचं व्याज मोठं असतं. थैलीत जागा उरलेली असते. आणि पीपीएफची पंधरा वर्षं त्याला नको असतात. अशा माणसालाही मी आधी पोस्टात पाठवीन. 2025-26 मध्ये राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रावर 7.7 टक्के मिळत होते, मुदत तीच पाच वर्षं, आणि ते तारण ठेवून कर्जही मिळतं.

जुन्या प्रणालीतल्या ज्येष्ठांचं गणित जरा निराळं आहे. त्यांना ठेवींच्या व्याजावर 50,000 पर्यंत वेगळी वजावट मिळते, म्हणून त्यांचं व्याज बरंचसं करातून सुटतं. बँका त्यांना थोडं जास्त व्याजही देतात. फक्त ठेव संयुक्त नावाने असेल, तर 80सी ची वजावट पहिल्या नावालाच मिळते. तेव्हा कर ज्याला भरावा लागतो त्याचं नाव आधी घाला. आणि पतसंस्थेची पावती यात चालत नाही, बँक शेड्यूल्ड असावी लागते.

शेजाऱ्यांची ठेव 27 मार्च 2028 ला सुटेल. त्या आठवड्यात बँकेत जाऊन या, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मुदत संपूनही पैसे तसेच पडून राहिले, तर बचत खात्याचा दर आणि ठेवीचा दर यांतला जो कमी असेल तोच मिळतो.