सोडलेल्या खात्याचं नाव कुणाचं?

जून २०१३मध्ये याहूने जाहीर केलं, की वर्षभर कुणी फिरकलं नाही अशा खात्यांची नावं मोकळी करून मागेल त्याला देऊ. १५ जुलैपर्यंत एकदा लॉग-इन करा, नाहीतर नाव गेलं. यामागचा हेतू समजण्यासारखा होता. सुटसुटीत नावं जुन्या लोकांनी कधीच घेऊन ठेवलेली, त्यामुळे नव्यांना नावापुढे आकडे जोडावे लागत.

पण ईमेलचा पत्ता दुसऱ्या खात्यांची किल्लीही असतो. समजा, एका बाईंनी याहू वापरणं सोडलं, पण फेसबुकवर तोच पत्ता राहिला. आता तो पत्ता दुसऱ्याला मिळाला. त्याने फेसबुकवर ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं, की नव्या पासवर्डची लिंक थेट त्याच्याच इनबॉक्समध्ये!

याहूने जुनी पत्रं पुसली होती. निदान तीस दिवस येणारी पत्रं परत पाठवायची, म्हणजे पाठवणारे तो पत्ता आपल्या यादीतून काढतील, असा हिशेब होता. मात्र वर्षातून एकदाच पत्र पाठवणाऱ्याला या तीस दिवसांचा पत्ता लागणार कसा? व्हायचं तेच झालं. नाव मिळालेल्यांना परक्यांची खासगी पत्रं येऊ लागली आणि याहूला ‘हे पत्र माझं नाही’ असं सांगणारं बटण द्यावं लागलं. फेसबुक आणि याहूने मिळून आणखी एक तोड काढली. पत्र पाठवताना `Require-Recipient-Valid-Since` या ओळीत एक तारीख लिहायची. त्या तारखेनंतर पत्त्याचा मालक बदलला असेल, तर पत्र पोचवायचंच नाही. युक्ती चोख आहे, पण दोन्ही टोकांनी ती पाळली तरच चालते.

गूगलने मे २०२३मध्ये धोरण जाहीर केलं, ते मला अधिक शहाणपणाचं वाटतं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं, पण त्याचा जीमेल पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही. पुसण्याआधी काही महिने इशारे येतात. ते त्याच खात्यावर येतात आणि रिकव्हरीसाठी दिलेल्या पत्त्यावरही. सोडून दिलेली पेटी उघडतंय कोण? म्हणून खरी मदार या दुसऱ्या पत्त्यावर. तोही जुना असेल, तर इशारे आले काय नि न आले काय, सारखंच. खातं जागं ठेवायला फार काही लागत नाही. लॉग-इन करून एखादं पत्र वाचलं, यूट्यूबवर काही पाहिलं, तरी पुरतं.

स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्यांना मात्र हे संरक्षण नाही. एखाद्या छोट्या कंपनीने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, तर मुदतीनंतर ते कुणीही विकत घेऊ शकतो. मग मालकापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांच्या जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रं त्याला मिळू लागतात.