काय घातलंय आणि काय लागलंय

समजा, एका सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाणा आणि काजूची अ‍ॅलर्जी आहे आणि शनिवारी त्याचा वाढदिवस आहे. आईची यादी साधी आहे: बिस्किटं, फुटाणे, पेढे आणि रात्री हॉटेलातून मागवायची भाजी. चारपैकी एकाही पदार्थाच्या नावात शेंगदाणा किंवा काजू नाही. तरी चारही ठिकाणी तिला दोन प्रश्न विचारावे लागतात. यात काय घातलंय? आणि याला काय लागलंय?

बिस्किटाच्या पुड्यावर दोन्हींची उत्तरं छापलेली असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणा किंवा काजू-बदामासारखा सुकामेवा घातला असेल, तर ‘कंटेन्स’ असं लिहून त्याचं नाव द्यावं लागतं. तो घातलेला नाही, पण त्याच यंत्रावरून किंवा पट्ट्यावरून त्याचा अंश येऊ शकतो, तेव्हा ‘मे कंटेन’ लिहितात. या दुसऱ्या ओळीला बरेच जण कंपनीने स्वतःला वाचवायला लिहिलेलं वाक्य समजतात. पण पुड्यात अंश किती आहे, हे त्या शब्दांवरून कळत नाही. आधीच्या पुड्यात काही नसेल आणि पुढच्यात मुलाला त्रास होण्याइतका असेल. म्हणून ‘मे कंटेन’ला ‘आहे’ समजून पुडा परत ठेवायचा. शेंगदाणा ‘पीनट’ किंवा ‘ग्राउंडनट’ अशा दोन्ही नावांनी छापतात, दोन्ही शोधायची. अगदी लहान पुड्यांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती यादी मोठ्या वेष्टनावर असते, त्यामुळे दुकानदाराकडे बॉक्स मागायचा. नेहमीच्या बिस्किटाचाही कारखाना किंवा कृती बदलू शकते, म्हणून पुडा दर वेळी नव्याने वाचायचा.

फुटाणे सुटे मिळतात, त्यांना लेबल नाही. हरभरा तर निर्धोक, असं वाटतं. पण भडभुंज्याच्या ज्या कढईत, ज्या वाळूत फुटाणे भाजतात, त्यातच आधी शेंगदाणे भाजले असतील, तर त्यांची टरफलं आणि भुगा वाळूत राहतो. भाजल्याने किंवा तळल्याने अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन नाहीसं होत नाही. चिवड्यातले दाणे वेचून काढले तरी पोह्यांना भुगा चिकटलेला असतोच. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, त्यामुळे ते तेलही टाळायचं. या फुटाण्यांऐवजी आई घरीच कुरमुरे फोडणीला टाकते. मात्र कुरमुरे बंद पाकिटातले आणि लेबल वाचून घेतलेले.

मिठाईच्या दुकानात पेढ्यात खवा, साखर, वेलची एवढंच असतं. काजूकतली कापलेली सुरी बर्फीवरून फिरते, चिमटा एका ताटातून दुसऱ्यात जातो आणि तराजूचं पारडं सगळ्यांचं एकच असतं. “दादा, पेढ्यात काजू आहे का?” असं विचारलं, तर ‘नाही’ हे उत्तर खरंच असतं. प्रश्नच अपुरा आहे. “कुठल्या टेबलावर वळता? त्याच टेबलावर काजूचं काही करता का?” असं विचारलं की दुकानदार जरा थांबतो. तो थांबला, की पेढे घरी करायचे.

रात्रीची भाजी सगळ्यांत अवघड. पनीर बटर मसाल्यात वरून काजू नसतो, पण अनेक हॉटेलांत त्याची ग्रेव्ही सकाळीच काजूची पेस्ट घालून पातेलंभर करून ठेवतात. अ‍ॅपवरच्या सूचनेच्या चौकटीत ‘काजू नको’ लिहिलं, तर वरची सजावट वगळली जाते, ग्रेव्ही तीच येते. म्हणून गर्दीच्या आधी, दुपारी चारच्या सुमारास, हॉटेलला फोन करायचा आणि शक्यतो आचाऱ्याशी बोलायचं. “मुलाला आवडत नाही” असं न सांगता “खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल” असं सांगायचं. मग विचारायचं: ग्रेव्हीत काजू किंवा शेंगदाणा आहे का? तयार ग्रेव्ही न वापरता, धुतलेल्या कढईत आणि वेगळ्या डावाने साधं वरण-भात कराल का? उत्तर तुटक आलं, तर तिथून मुलासाठी काही मागवायचं नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या हॉटेलला ते बंधन नाही, त्यामुळे तिथे फोनच कामाचा.

एवढं करूनही चूक होऊ शकते. खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या आणि सोबत उलटी, खोकला किंवा श्वासाला त्रास सुरू झाला, तर केवळ अ‍ॅलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. घरी ठेवायला डॉक्टरांनी दिलं असेल तर ते लगेच द्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

शनिवारी पाहुण्यांसाठी पनीर आलं. मुलाचं वरण-भात आईने घरीच केलं आणि त्याच्या ताटात वाढायचा डाव पनीरच्या भांड्यात कुणी बुडवू नये म्हणून स्वतःच्या हातात ठेवला.