जोखीम-समाज (७) : कोंडलेली मेंढरं

मॅगीतल्या शिशाबद्दल आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ मधल्या निकालाबद्दल या आठवड्यात लिहीन, असं मी म्हटलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. फलटणकडच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमत नाही. त्यांचं लहानपण वडिलांच्या मेंढरांमागे गेलं, पुढे ते शिक्षक झाले. ते विचारतात : नव्या धोक्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही, ते फक्त यंत्रालाच कळतात, असं जर उलरिश बेकचं म्हणणं असेल, तर साध्या माणसाला जे कळतं त्याला इथे काही किंमत उरते का?

बेकच्या मांडणीतली ही सर्वांत नाजूक जागा. आणि योगायोग असा, की तिच्यावर नेमकं बोट ठेवणारी हकिकतही मेंढरांचीच आहे.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. बेकचं पुस्तक तेव्हा छापायच्या वाटेवर होतं, मे महिन्यात त्याने त्याला आणखी एक प्रास्ताविक जोडलं. त्याच मेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या वायव्येकडच्या कुंब्रियाच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस पडला आणि आभाळातून जाणारं किरणोत्सारी सीझियम त्याच्याबरोबर खाली गवतावर उतरलं. काळजीचं कारण नाही, असं सरकारने सांगितलं. मग २० जूनला कुंब्रिया आणि उत्तर वेल्सच्या काही भागांतली मेंढरं हलवायला आणि कापायला बंदी आली. किलोमागे हजार बेक्वेरेलच्या वर सीझियम असलेलं मांस बाजारात जाणार नव्हतं. बंदी फक्त तीन आठवड्यांची, असा शब्द दिला गेला. डोंगरातल्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न म्हणजे उन्हाळा सरताना विकलेली कोकरं, त्यामुळे तीन आठवडे कसेबसे निभावले असते.

तीन आठवडे संपले, आकडे उतरले नाहीत. शास्त्रज्ञ खोटं बोलत नव्हते. त्यांचा हिशेब सखल भागातल्या चिकणमातीवरून केलेला होता. चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात. सीझियम त्या पापुद्र्यांत जाऊन अडकतं आणि मुळांच्या हाती लागत नाही, म्हणून पहिलं गवत चरून झालं की पुढचं बरंचसं स्वच्छ उगवतं. पण कुंब्रियाच्या माथ्यावर पीट आहे : शतकानुशतकं कुजून साठलेल्या वनस्पतींची, काळी, आंबट, सदा ओली माती. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नाहीच. तिथे सीझियम मोकळं राहतं, मुळं ते पोटॅशियमसारखं ओढून घेतात, मेंढी ते गवत खाते, लेंड्यांतून ते परत मातीत येतं आणि पुन्हा मुळांत जातं. तीन आठवड्यांची बंदी शेवटच्या शेतांवरून उठली ती २०१२ मध्ये.

ब्रायन विन या लँकेस्टर विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञाने या शेतकऱ्यांच्या घरी बसून त्यांच्या मुलाखती घेतल्या. माझ्या मते जोखीम-समाजाच्या चर्चेत त्या कामाच्या तोडीचं दुसरं काम नाही. त्यातला एक प्रसंग सांगतो. बेंटोनाइट नावाची एक माती असते, सीझियमला धरून ठेवणारी. ती जमिनीवर टाकून काय फरक पडतो हे पाहायचं ठरलं. माळाचे तुकडे पाडले, कुंपणं घातली, प्रत्येक तुकड्यात कमी-जास्त बेंटोनाइट टाकलं आणि आत मेंढरं सोडली. शेतकरी म्हणाले, हे चालणार नाही.

फलटणच्या गुरुजींना मी फोनवर एवढंच वाचून दाखवलं. पुढचं वाक्य मी म्हणायच्या आत ते म्हणाले, “सर, कोंडल्याली मेंढरं खंगत्यात. मोकळ्या रानावरचं जितराब हाय ते.” कुंब्रियाच्या शेतकऱ्यांचा आक्षेप अगदी हाच होता. तिथल्या मेंढ्या डोंगरावर मोकळ्या चरतात, प्रत्येक कळप कुंपणाशिवाय आपापल्या भागात राहतो आणि तो भाग कोकराला आईकडून कळतो. त्यांना जाळीत घातलं की त्यांची तब्येत उतरणार, आणि उतरलेल्या मेंढीच्या अंगातलं मोजमाप मोकळ्या मेंढीला कसं लागू व्हायचं? प्रयोग गुंडाळावा लागला, शेतकऱ्यांनी सांगितलेल्याच कारणाने. पण तुमचं बरोबर होतं, असं त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही.

मेंढरं खालच्या दरीत ठेवा म्हणजे स्वच्छ गवत मिळेल, हा सल्लाही असाच. दरीतलं गवत थोडं, तेच कापून हिवाळ्याची वैरण करायची. ते आत्ता चारलं तर जानेवारीत काय घालायचं?

आता दुसरी बाजू. कोणतं कोकरू हजाराच्या वर आहे हे कुठल्याही शेतकऱ्याला नुसतं पाहून सांगता आलं नसतं. त्यासाठी मेंढी धरून तिच्या पुठ्ठ्याला मोजणीयंत्र टेकवायलाच लागतं. इथे बेक खराच आहे. पण त्या मोजणीला शेतकरी हजर होते, मेंढ्या धरून तेच उभे होते. यंत्र थोडं सरकलं, मेंढी हलली की आकडा बदलतो, हे त्यांनी पाहिलं. एकाने विनला सांगितलं, तेरा-चौदा मेंढरं नापास झाली, पुन्हा मोजली तर तीनच राहिली. मोजमापात चढउतार असणारच, हे कुठलाही प्रयोग करणारा जाणतो. बाहेर मात्र तेच आकडे शंका नसल्यासारखे सांगितले जात होते. शेतकऱ्यांचा विश्वास उडाला तो इथे.

आणि शेजारीच सेलाफील्ड होतं. तिथल्या अणुभट्टीला १९५७ मध्ये आग लागली होती, तेव्हा भोवतालच्या गावांतलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. कुंब्रियातला बंदीचा भाग आकसत आकसत नेमका सेलाफील्डजवळच्या डोंगरांवर येऊन थांबला, तेव्हा लोक विचारू लागले, हे सगळं चेर्नोबिलचंच का? शास्त्रज्ञ म्हणाले, आमच्याकडे ठसा आहे. तो ठसा असा. चेर्नोबिलच्या धुराळ्यात सीझियम-१३४ जेवढं, त्याच्या साधारण दुप्पट सीझियम-१३७. पहिलं दोन वर्षांत निम्मं होतं, दुसऱ्याला तीस वर्षं लागतात, म्हणून जुन्या धुराळ्यात १३४ उरतच नाही. समजा, स्फोटानंतर लगेच एखाद्या नमुन्यात १३४ चे शंभर भाग सापडले, तर चेर्नोबिलचं १३७ साधारण दोनशे भाग. प्रत्यक्षात चारशे सापडलं, तर वरचे दोनशे आधीपासूनचे. पुढे शास्त्रज्ञांनीच मान्य केलं, की सापडलेल्यातलं सुमारे निम्मं सीझियम चेर्नोबिलचं नव्हतं. ते अण्वस्त्र-चाचण्यांचं आणि १९५७ च्या आगीसारख्या जुन्या कारणांचं होतं. पीट आणि पाऊस दोन्ही तिथेच जास्त, हेही खरं, त्यामुळे सगळा दोष सेलाफील्डवर टाकता येत नाही. पण शेतकऱ्यांची शंका अडाणीपणाची नव्हती.

विनचा बेकशी मतभेद इथून सुरू होतो. बेक वाचताना असं वाटतं, की लोकांचा तज्ज्ञांवर पूर्वी विश्वास होता आणि नव्या धोक्यांनी तो मोडला. विन म्हणतो, पूर्वीच्या गप्प बसण्याला विश्वास समजू नका. कुंब्रियातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी सेलाफील्डमध्ये नोकरीला होतं. शंका १९५७ पासून होती, ती बोलून दाखवणं परवडत नव्हतं. पुढे हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स यांनी विनलाही टोकलं : या शेतकऱ्यांना ‘सामान्य जन’ का म्हणायचं? मेंढरं आणि माळ यांतले तज्ज्ञ तेच. मला हे पटतं, आणि गुरुजींच्या प्रश्नाला मी हेच उत्तर कळवलं. सीझियम यंत्राला कळतं, पण ते ज्या मातीतून आणि ज्या चरण्यातून मेंढीत येतं ते डोंगरावर राहणाऱ्याला कळतं, आणि तीन आठवड्यांचा अंदाज चुकला तो त्या बाजूने.

मॅगीचं पुढच्या आठवड्यात. शिशाचं प्रमाण एका प्रयोगशाळेत एक आणि दुसरीत वेगळंच का आलं, तिथून सुरुवात करू.