गुरुद्वारातून परतल्यावर वहीत काय लिहायचे?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला शाळांच्या सहली नेहमीच येतात. मुले दर्शन घेतात, लंगरमध्ये जेवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'भेटीचा अहवाल' लिहायला बसतात. त्या वह्या एकत्र वाचल्या तर बहुतेकींत तीच चार वाक्ये सापडतात. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली येथे समाधिस्थ झाले, महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात सध्याची वास्तू बांधवली, हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे, आम्हाला खूप छान वाटले. माहिती चुकीची नाही. पण ती फलकावरून किंवा पुस्तकातून उतरवलेली आहे, आणि घरी बसलेल्या मुलालाही ती लिहिता आली असती. मूल तिथे जाऊन आले याची एकही खूण त्या पानावर नसते.

दोष मुलांचा नाही. 'अहवाल लिहा' एवढेच सांगितले की मूल सुरक्षित मजकूर शोधते. म्हणून भेटीआधीच एक नमुना हातात द्यावा, आणि तो एका कागदाच्या दोन बाजूंत मावावा. त्याचे मुख्य भाग तीनच आहेत: मी पाहिले, मला सांगितले, मला विचारायचे आहे. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणे हाच या अहवालाचा खरा अभ्यास आहे, असे माझे ठाम मत आहे. बाकीचे सारे त्यामागून येते.

उदाहरण घेऊ. समजा, आठवीतल्या एका मुलीने लिहिले, 'शीख लोक पुस्तकाची पूजा करतात.' या एका वाक्यात निरीक्षण, निष्कर्ष आणि साऱ्या समाजाबद्दलचे विधान असे तिन्ही एकात मिसळले आहे. शिक्षकाने ते खोडू नये. 'तू नेमके काय पाहिलेस?' एवढे विचारावे. मग ती सांगू लागते. ग्रंथ उंच आसनावर होता. वर चांदवा होता. ग्रंथाखाली आणि भोवती जरीचे रुमाले होते. मागे बसलेले एक गृहस्थ चवरी ढाळत होते. येणारा प्रत्येक जण जमिनीला माथा टेकवून बाजूला सरकत होता. हे झाले 'मी पाहिले'. 'मला सांगितले' या भागात ती लिहील की सेवादारांच्या म्हणण्याप्रमाणे गुरू गोविंदसिंगजींनी आपल्यामागे कुणा व्यक्तीला गुरू न नेमता ग्रंथालाच गुरुपद दिले, म्हणून त्याचा मान जिवंत गुरूसारखा राखतात. आता 'पुस्तकाची पूजा' हे शब्द किती अपुरे होते, हे तिचे तिलाच कळते.

'शीख लोक' हे शब्दही नमुन्याने अडवले पाहिजेत, आणि त्यासाठी नांदेडइतके चांगले ठिकाण दुसरे नाही. येथील काही प्रथा पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांहून वेगळ्या आहेत. येथे गुरूंवर अंत्यसंस्कार झाले त्या जागेवरच आतला गाभारा आहे. त्यात शस्त्रे जपलेली आहेत आणि तिथे ठरावीक सेवेकरीच जातात. दिव्यांची आरतीही येथे होते. नांदेड पाहून 'गुरुद्वाऱ्यात आरती करतात' असे लिहिणारा मुलगा उद्या दुसऱ्या शहरात गोंधळेल. म्हणून नमुन्यात सुरुवातीलाच रिकाम्या जागा असाव्यात: 'या ठिकाणी, ... तारखेला, सकाळी / संध्याकाळी ... वाजता मी पाहिले की ...' एवढ्या चौकटीने सरसकट विधानांना बराच आळा बसतो.

निरीक्षणाचे प्रश्न डोळ्यांपुरते ठेवू नयेत. दारापासून आत जाताना पायांखाली काय काय बदलले? आवाज कोणकोणते होते, आणि त्यांतला कोणता अखंड चालू होता? कोण उभे होते, कोण बसले होते, आणि सगळे एकाच पातळीवर बसले होते का? कोणते काम कोण करत होते, आणि त्यांतले पगारी कोण व सेवेला आलेले कोण, हे तुला कसे कळले? लंगरसाठी असा एखादा प्रश्न फार चांगला असतो, कारण भाजी वाढणारे गृहस्थ एरवी दुकान चालवतात हे मुलाला विचारल्याशिवाय कळत नाही. शेवटी एक सक्तीची जागा ठेवावी: 'माहितीफलकावर नसलेल्या तीन गोष्टी.' नक्कल ओळखायचा आणि थांबवायचा याहून सोपा उपाय नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मी आणखी एक प्रश्न घालीन: 'या ग्रंथात कोणाकोणाची रचना आहे?' 1430 पानांच्या गुरू ग्रंथ साहिबात गुरूंबरोबरच कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी आहे आणि आपल्या नामदेवांची 61 पदेही आहेत. पंढरपूरचे नाव ऐकत वाढलेल्या मुलाला हे कळले की त्याचे पुढचे प्रश्न आपोआप सुरू होतात. मात्र 'आपल्यासारखेच आहे' असे लिहिण्यावर त्याने थांबू नये. साम्य एका ओळीत लिहिले तर फरकही एका ओळीत लिहावा.

वागण्याच्या सूचना वेगळ्या पत्रकात न देता याच कागदाच्या मागच्या बाजूला छापाव्यात, कारणासहित. डोके झाकायचे, मुलगे-मुली दोघांनीही. घरून मोठा रुमाल आणावा, नसेल तर दाराशी मिळतो. चपला जोडाघरात ठेवायच्या, हातपाय धुऊन आत जायचे. तंबाखू किंवा सिगारेट कोणाच्याही खिशात नको. हे सोबतच्या मोठ्यांनाही सांगावे लागते. बसताना पाय ग्रंथाच्या दिशेने पसरायचे नाहीत. कडाह प्रसाद ओंजळीत घ्यायचा. नको असेल तर हात जोडून आधीच नाही म्हणायचे, घेऊन टाकायचा नाही. लंगरमध्ये पोळी दोन्ही हातांत घ्यायची आणि संपेल तेवढेच वाढून घ्यायचे. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि प्रार्थना करणाऱ्यांच्या चेहऱ्याचा तर नाहीच. आत वही-पेन काढायचे नाही. समोर कोणी लिहून घेत असेल तर भाविकाला आपली तपासणी चालली आहे असे वाटते. बाहेर आल्यावर आवारातच एका बाजूला बसून पंधरा मिनिटे लिहावे. बस सुरू झाली की निम्मे विसरलेले असते.

माथा टेकायचा की नाही, हे मात्र सूचनांत घालू नये. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले असतात. शांतपणे मागे बसणे हा पूर्ण आदर आहे, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही; अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची लागते. म्हणून पालकांना जाणाऱ्या चिठ्ठीत 'पाहण्यासाठी भेट' असे शब्द असावेत. गुण देतानाही श्रद्धा वाटली का, आवडले का, हे मोजू नये. निरीक्षण किती नेमके आहे एवढेच मोजावे.

प्रश्नांचा भाग आदल्या दिवशी वर्गात तपासून घ्यावा. 'तुम्ही लोकांना आत का जाऊ देत नाही?' हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो 'आतल्या गाभाऱ्यात कोण जाते आणि त्यांची नेमणूक कशी होते?' असा झाला की सेवादार खुलून उत्तर देतात आणि मुलालाही जास्त कळते. उत्तर मिळाले नाही तर ती जागा रिकामीच ठेवावी. घरी येऊन कुठूनतरी शोधून भरू नये.

वर्गाच्या भिंतीवर अहवाल लावण्याआधी 'मला सांगितले' या भागातली विधाने एकत्र करून गुरुद्वाऱ्याच्या कार्यालयाला पाठवावीत, सोबत आभाराचे पत्र आणि उरलेले प्रश्न. नावे, क्रम, कोण काय म्हणाले यांत मुलांच्या ऐकण्यातल्या चुका असतातच. परत आलेल्या दुरुस्त्या मुलांनी मूळ वाक्य न खोडता त्याच्या शेजारी, वेगळ्या शाईने लिहाव्यात.