हातातील खराट्यावरून ओळख

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा सुरू असते. अंगावर चिंध्यांचा अंगरखा व हातात खराटा घेतलेला एक मुलगा रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांत हशा पिकतो. कोणी त्याला भिकारी समजतो, तर कोणी झाडूवाला. मुलगा गोंधळतो व पाठ केलेली वाक्ये विसरतो. वस्तुतः तो संत गाडगेबाबांचे रूप घेऊन आलेला असतो. चूक त्याची नसते. त्याच्या वेशात एका वस्तूची उणीव राहिलेली असते.

ती वस्तू म्हणजे मातीचे गाडगे होय. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले. फुटक्या गाडग्याचे खापर हेच त्यांचे जेवणाचे व पाणी पिण्याचे भांडे होते. एरवी ते डोक्यावर असे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. खराटा अनेकांच्या हाती असतो आणि फाटके वस्त्र तर कोणाच्याही अंगावर असू शकते. परंतु डोक्यावर खापर व हाती खराटा हा संयोग एकाच व्यक्तीचा आहे.

खुणांचे तीन थर

पाहणाऱ्याच्या मनात ओळख क्रमाक्रमाने पटत जाते. प्रथम पोशाखावरून काळ व समाजातील स्थान कळते. त्यानंतर हातातील वस्तूवरून कार्य कळते. शेवटी एखाद्या खास खुणेवरून व्यक्ती निश्चित होते. गाडगेबाबांच्या बाबतीत चिंध्यांचे वस्त्र हा पहिला थर, खराटा हा दुसरा व खापर हा तिसरा. त्यांच्या एका कानात कवडी व दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असे. ही खूणही त्यांचीच. मात्र ती मागच्या रांगेतून दिसत नाही. म्हणून दुरून ओळख पटविण्याचे काम मोठ्या वस्तूकडे सोपवावे व बारीक खूण जवळ बसलेल्या परीक्षकांसाठी ठेवावी.

पगडीचा घोटाळा

तिसरा थर नसला की काय होते, हे पगडीवरून चांगले समजते. पगडी, उपरणे व मिशा एवढ्या सामग्रीवर आलेला मुलगा बहुतेकांना लोकमान्य टिळक वाटतो. पण पगडी व उपरणे महात्मा फुले यांच्या चित्रांतही आहे. पगडीच्या बांधणीत फरक असतो. परंतु तयार मिळणाऱ्या पगडीत तो बहुधा उरत नाही. अशा वेळी भेद हातातील वस्तूने करावा लागतो. टिळकांच्या हाती १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चा अंक द्यावा व त्यावरील नाव दुरून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत लिहावे. जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शेजारी पाटी घेतलेली एक लहान मुलगी उभी केल्यास शंका राहत नाही.

स्त्रियांच्या भूमिकांतही असेच घडते. पांढरी साडी व डोक्यावरून घेतलेला पदर एवढ्यावरून काहीच ठरत नाही; तळहातावर शिवलिंग आले की अहिल्याबाई होळकर ओळखू येतात. नऊवारी साडी व हाती पुस्तक एवढ्यावरून केवळ शिक्षिका दिसते. कपाळावरील ठळक आडवे कुंकू सावित्रीबाई फुले यांच्या परिचित चित्राची आठवण करून देते.

परीक्षेची एक सोपी रीत

वेश पुरेसा झाला की नाही, हे स्पर्धेपूर्वीच तपासता येते. मुलाला काही न बोलता दुसऱ्या वर्गासमोर उभे करावे व त्या मुलांना नाव कागदावर लिहावयास सांगावे. उत्तरे दोन नावांत विभागली गेली, तर भेद दाखविणारी वस्तू कमी आहे असे समजावे. मग एकेक वस्तू काढून पाहावे. जी काढल्याने ओळख ढळते ती आवश्यक, जी काढूनही ओळख टिकते ती केवळ सजावट होय. परीक्षकांनीही मुलाचे नाव पुकारण्यापूर्वी आपला तर्क लिहून ठेवावा, म्हणजे भाड्याने आणलेल्या भरजरी पोशाखाला अकारण अधिक गुण मिळत नाहीत.

खापर वापरताना त्याची कड दगडावर घासून बोथट करावी व आत कापडाची चुंबळ ठेवावी; अन्यथा ते घसरते व मुलाचे सारे लक्ष डोक्याकडे राहते.

या रीतीने सजलेला मुलगा पुन्हा रंगमंचावर येतो. खर्च काहीच झालेला नसतो. घरातील चिंध्या, अंगणातील खराटा व कुंभाराकडील फुटके गाडगे एवढीच सामग्री. तो न बोलता रंगमंच झाडू लागतो. गावात पाऊल ठेवताच बाबाही प्रथम हेच करीत. या वेळी प्रेक्षकांतून हसू उमटत नाही, बाबांचे नाव उमटते.